चेंज रिक्वेस्टचं पत्र: वाढीव काम, वाढीव पैसे आणि पुढे गेलेली तारीख – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे किंवा अशा कंपनीत क्लायंट सांभाळणारे लोक ज्या पत्रापाशी हमखास अडतात, त्या पत्राबद्दलचे हे प्रश्न आहेत. नुसत्या तत्त्वांवर बोलून काही हाती लागत नाही, म्हणून सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत. उदाहरण जुळवलेलं आहे आणि दरही त्यासाठी धरलेले आहेत. हिशोबाची पद्धत मात्र आम्ही रोज वापरतो तीच आहे.

क्लायंट इतवारीतले किराणा मालाचे होलसेल व्यापारी. त्यांचे आठ सेल्समन काटोल, सावनेर, रामटेक, पारशिवनी या बाजूंना फिरून दुकानदारांच्या ऑर्डरी घेतात. ठरलेलं काम असं: सेल्समनसाठी मोबाइलवर ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप, ऑफिसात त्या ऑर्डरी आणि स्टॉक पाहायची स्क्रीन. दोन डेव्हलपर, ६० कामाचे दिवस, म्हणजे १२० मॅन-डे. दर मॅन-डेला ४,००० रुपये धरून ४,८०,००० रुपये, जीएसटी वेगळा. अ‍ॅप चालू करायची तारीख २६ सप्टेंबर २०२५. अर्ध काम झालेलं असताना, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, डेमो पाहून शेठजी म्हणाले, "देवलापारकडे रेंज नाई राहात. बिना रेंजचं पण चाललं पाहिजे. एवढं तं करून देजा न भाऊ."

हे पत्र नेमकं कधी पाठवायचं?

मागणी आल्यावर दोन दिवसांच्या आत, आणि त्या मागणीचं काम सुरू करण्याच्या आधी. दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. डेव्हलपरने "बघतो जरा" म्हणून तीन दिवस हात घातला की पत्राचा सूर बदलतो. ते परवानगी मागणारं न राहता वसुलीचं होतं. क्लायंटलाही वाटतं, हे तर करतच होते, मग आता पैसे कसले?

डेमोच्या खोलीत मात्र "नाही" म्हणायची गरज नाही आणि "हो" म्हणायची तर मुळीच नाही. "लिहून घेतलं, परवापर्यंत खर्च आणि तारीख कळवतो," एवढं वाक्य पुरतं.

रेंज नसताना अ‍ॅप चालणं म्हणजे एक छोटी सोय. तिचे एवढे दिवस कसे काय होतात?

पत्र लिहिण्याआधी हे स्वतःला नीट समजलेलं असलं पाहिजे, कारण क्लायंट नेमका हाच प्रश्न विचारणार. स्क्रीन तीच राहते, बटणंही तीच राहतात. बदलतं ते मागचं सगळं.

आत्ताच्या रचनेत सेल्समन ऑर्डर टाकतो तेव्हा फोन सर्व्हरला विचारतो: या मालाचा भाव काय, स्टॉक किती, या दुकानदाराची उधारी किती. सर्व्हर उत्तर देतो, ऑर्डर घेतो आणि तिला नंबर देतो. रेंज नसली की विचारायला कोणी उरत नाही. म्हणजे मालाची यादी, भाव, दुकानदार आणि उधारी हे सगळं सकाळीच फोनमध्ये उतरवून ठेवावं लागतं. त्यासाठी फोनमध्ये वेगळा छोटा डेटाबेस लागतो. इथपर्यंत क्लायंटला पटतं. खरी गंमत पुढे आहे.

ऑर्डरचा नंबर घ्या. दोन सेल्समन रेंजबाहेर आहेत आणि दोघांच्याही फोनला माहीत असलेला शेवटचा नंबर १०४१ आहे. दोघांचीही पुढची ऑर्डर १०४२ होणार. मग प्रत्येक फोनची वेगळी मालिका करावी लागते, आणि सर्व्हर नंबर देतो हे धरून लिहिलेला कोड बदलावा लागतो.

मग स्टॉक. गोदामात साबणाच्या ४० पेट्या आहेत. एकाने देवलापारला सकाळी ११ वाजता ३० पेट्यांची ऑर्डर घेतली, पण फोन रेंजमध्ये येईपर्यंत संध्याकाळचे ५ वाजले. दुसऱ्याने काटोलला दुपारी ३ वाजता, चांगली रेंज असताना, २५ पेट्या विकल्या. सर्व्हरला ३ वाजता ४० पेट्या दिसत होत्या, त्याने २५ कापल्या. ५ वाजता ३० ची ऑर्डर आली तेव्हा उरल्या होत्या १५. आता माल कोणाला द्यायचा? आधी ऑर्डर घेतली त्याला, की आधी पोचली त्याला? आधी घेतली त्याला म्हणाल, तर वेळ फोनच्या घड्याळाची धरावी लागेल, आणि फोनचं घड्याळ सेल्समन स्वतः पुढे-मागे करू शकतो. हा निर्णय डेव्हलपरने घ्यायचा नसतो, तो धंद्याचा नियम आहे. पण तो ठरल्याशिवाय कोड लिहिता येत नाही, आणि ठरला की अशा अडकलेल्या ऑर्डरी ऑफिसात दाखवणारी एक नवी स्क्रीन लागते.

तिसरी गोष्ट अर्धवट रेंजची. फोनने ऑर्डर पाठवली, सर्व्हरने घेतली, पण "मिळाली" हा निरोप परत यायच्या आत रेंज गेली. फोनला वाटतं ऑर्डर गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो. दुकानदाराकडे दुप्पट माल उतरतो. यावर उपाय आहे: प्रत्येक ऑर्डरला फोनमध्येच एक न बदलणारी ओळख द्यायची आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनंच उत्तर द्यायचं. उपाय लिहायला सोपा आहे, पण तो खरंच चालतो का हे तपासायला रेंज नेमक्या त्या क्षणी तोडून पाहावी लागते, तीही अनेक वेळा. फोन पूर्ण बंद, रेंज एक कांडी, अ‍ॅप मधेच बंद पडलेलं, फोनची जागा भरलेली, अशा सगळ्या परिस्थितींत. म्हणूनच या मागणीत टेस्टिंगचा वाटा मोठा असतो.

आकडा कसा काढायचा आणि पत्रात किती उघडा करायचा?

कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यापुढे दिवस लिहा. या उदाहरणात ते असे पडतात:

- फोनमधला डेटाबेस, सकाळी माहिती उतरवणं: ५ दिवस
- ऑर्डरी साठवून नंतर पाठवणं, दुबार ऑर्डर रोखणं: ७ दिवस
- स्टॉकची भांडणं सोडवणं आणि ऑफिसातली नवी स्क्रीन: ४ दिवस
- आधी तयार झालेलं बदलणं (नंबर देण्याची पद्धत, ऑर्डरची स्क्रीन): ४ दिवस
- टेस्टिंग: ६ दिवस
- सेल्समनसोबत प्रत्यक्ष लाइनवर, म्हणजे त्यांच्या फिरतीच्या मार्गावर, चाचणी: २ दिवस

एकूण २८ मॅन-डे. मूळ दरानेच १,१२,००० रुपये. १८ टक्के जीएसटी २०,१६० रुपये, एकूण १,३२,१६० रुपये.

हे सगळे तुकडे पत्रात द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. "अतिरिक्त कामासाठी १,१२,००० रुपये" अशी एकच ओळ दिली की बोलणं सरळ घासाघिशीवर जातं, आणि इतवारीतल्या माणसाशी घासाघीस करून आपण जिंकू असं कोणी समजू नये. तुकडे समोर असले की तो विचारतो, "ही चाचणी दोन दिवस कशाला?" हा चांगला प्रश्न आहे. त्याला उत्तर देता येतं, किंवा एखादा तुकडा खरंच वगळता येतो.

दर मात्र मूळ कराराचाच ठेवा. वाढीव कामाला वेगळा, चढा दर लावलात तर "आधी स्वस्तात घेतलं आणि आता अडवून काढताहेत" ही शंका खरीच ठरते.

आधीच सांगितलं असतं तर स्वस्त पडलं असतं का? क्लायंटने विचारलं तर काय सांगायचं?

खरं ते सांगायचं: हो, चार दिवसांनी. यादीतला "आधी तयार झालेलं बदलणं" हा तुकडा सुरुवातीला लागलाच नसता. बाकी २४ दिवस तेव्हाही लागले असते आणि तेव्हाही त्यांचे पैसे पडलेच असते. हा तुकडा वेगळा दाखवण्याचा फायदा हाच, की उशिरा सांगण्याची किंमत १६,००० रुपये आहे आणि सोयीची स्वतःची किंमत ९६,००० रुपये आहे, हे एका नजरेत दिसतं. नाही तर सगळी रक्कम दंड लावल्यासारखी वाटते.

२८ दिवसांचं काम दोघांत वाटलं तर १४ दिवस व्हायला हवेत. मग १६ का धरायचे?

कारण सगळं काम बरोबर मधोमध वाटता येत नाही. अ‍ॅपवाल्याच्या वाट्याला ११ दिवस येतात, सर्व्हरवाल्याच्या वाट्याला ९. हे शेजारी-शेजारी चालतं, म्हणून मोजायचे ११. दोन्ही बाजू जोडल्याशिवाय टेस्टिंग सुरू होत नाही. ती दोघांनी मिळून केली तर ६ चे ३ दिवस होतात. लाइनवरची चाचणी एकाने करायची, तिचे २. अकरा, तीन आणि दोन मिळून १६ कामाचे दिवस.

"अजून दोन पोरं लावा" हा सल्ला येणारच. तिसरा माणूस आला तर त्याला हा कोड समजावून द्यायला आधीच्या दोघांपैकी एकाचे दिवस जातात, आणि सर्वांत लांब तुकडा, म्हणजे ऑर्डरी साठवून पाठवण्याचा, तसाही एकाच्याच डोक्यात राहावा लागतो. टेस्टिंगला एक जास्तीचा माणूस दिला तर एखादा दिवस वाचू शकतो. त्यापलीकडे खर्च वाढतो, तारीख हलत नाही.

मग १६ दिवस म्हणजे कॅलेंडरवर किती?

इथे भले भले फसतात. मूळ तारीख २६ सप्टेंबर, शुक्रवार. त्यापुढे आठवड्याचे पाच दिवस धरून १६ मोजा. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. ती सुट्टी वजा करता १७ ऑक्टोबरच्या शुक्रवारी १४ दिवस भरतात. मग दिवाळी: २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज. ऑफिस २० ते २३ बंद. उरलेले दोन दिवस २४ आणि २७ ऑक्टोबर. म्हणजे "तीन आठवडे वाढतील" असं तोंडी सांगितलेलं काम प्रत्यक्षात महिनाभर पुढे जातं, आणि व्यापाऱ्याचा सगळ्यात मोठा सीझन मधेच निघून जातो.

म्हणून पत्रात "१६ दिवस" कधीच एकटं लिहू नका. शेजारी तारीख लिहा. क्लायंटच्या बाजूचे दिवसही पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीत जाऊन ट्रेनिंग घेऊ, असं नागपूरबाहेरचा प्रोजेक्ट मॅनेजरच ठरवू शकतो.

पत्राचा नमुना मिळेल का?

हा घ्या. लेटरहेडवर, एका पानात बसवा.

> दिनांक: १४ ऑगस्ट २०२५
> चेंज रिक्वेस्ट क्र. १
>
> विषय: ऑर्डर अ‍ॅप रेंज नसताना चालवण्याची मागणी – खर्च आणि तारीख
>
> आदरणीय शेठजी, सप्रेम नमस्कार.
>
> १२ ऑगस्टच्या डेमोत आपण दोन गोष्टी सांगितल्या: (१) मोबाइलला रेंज नसताना सेल्समनला ऑर्डर घेता यावी, (२) लाइनप्रमाणे विक्रीचा रिपोर्ट मिळावा. या दोन्ही गोष्टी वर्क ऑर्डरसोबतच्या कामाच्या यादीत नाहीत. त्यांचा हिशोब खाली देत आहोत.
>
> रेंज नसताना ऑर्डर: आज अ‍ॅप प्रत्येक ऑर्डरचा भाव, स्टॉक आणि नंबर सर्व्हरकडून घेतं. रेंज नसताना हे सर्व फोनमध्ये ठेवावं लागेल आणि रेंज आल्यावर आठही फोनच्या ऑर्डरी एकमेकींशी जुळवाव्या लागतील. यासाठी २८ मॅन-डे लागतील. तपशील सोबत जोडला आहे. यातले ४ दिवस तयार झालेलं काम बदलण्याचे आहेत.
>
> लाइनप्रमाणे रिपोर्ट: २ मॅन-डे. यादीतलं "दुकानदारांना वाढदिवसाचा एसएमएस" हे २ दिवसांचं काम अजून सुरू झालेलं नाही. ते वगळल्यास हा रिपोर्ट त्याच पैशांत आणि त्याच तारखेत देऊ.
>
> आपल्यासमोरचे पर्याय:
>
> अ) रेंजविना ऑर्डरची सोय आत्ताच घेणं. वाढीव रक्कम १,१२,००० रुपये अधिक जीएसटी २०,१६० रुपये. अ‍ॅप २६ सप्टेंबरऐवजी २७ ऑक्टोबरला चालू होईल, म्हणजे दिवाळीनंतर.
>
> ब) अ‍ॅप २६ सप्टेंबरला ठरल्याप्रमाणे चालू करणं आणि ही सोय दिवाळीनंतर जोडणं. चालू अ‍ॅपमधल्या ऑर्डरी नव्या पद्धतीत आणण्याचे ३ दिवस वाढतील. रक्कम १,२४,००० रुपये अधिक जीएसटी २२,३२० रुपये. सोय १७ नोव्हेंबरला मिळेल.
>
> क) ही सोय न घेणं. रक्कम आणि तारीख मूळचीच.
>
> दिवाळीचा सीझन पाहता आम्ही पर्याय ब सुचवतो.
>
> आपल्याकडून हवा असलेला निर्णय: दोन सेल्समननी मिळून स्टॉकपेक्षा जास्त माल विकला तर माल कोणाला द्यायचा, हे पर्याय अ किंवा ब निवडताना लिहून कळवावं.
>
> या सोयीत येणार नाही: रेंज नसताना जीएसटी बिल छापणं. ऑर्डर घेता येईल. बिल ऑफिसातून निघेल.
>
> वरील तारखा २० ऑगस्टपर्यंत लेखी होकार मिळाल्यास लागू राहतील. तोपर्यंत मूळ यादीचं काम सुरूच राहील.
>
> आपला विश्वासू,

नमुन्यात "का"चं स्पष्टीकरण चारच ओळींचं आहे. एवढं पुरतं?

पत्रात पुरतं. वर साबणाच्या पेट्यांचं जे उदाहरण दिलं ते समोरासमोर बसून सांगायचं, शक्यतो त्यांच्याच गोदामातल्या मालाचं नाव घेऊन. पत्र हे त्या बोलण्यानंतर हातात ठेवायचा कागद आहे. आधी फोन, मग भेट, मग पत्र. थेट पत्र गेलं तर जुना व्यापारी दुखावतो आणि त्याचा मुलगा ते ईमेलमध्ये वाचतही नाही.

आणि कृपा करून घराच्या बांधकामाचा दाखला देऊ नका, दुसऱ्या मजल्याचा पाया वगैरे. समोरच्याने तो दहा ठेकेदारांकडून ऐकलेला असतो आणि त्यातून पुढे काय येतं हेही त्याला ठाऊक असतं.

पर्याय ब महाग आहे, तरी तोच का सुचवायचा?

कारण १२,००० रुपये जास्त देऊन क्लायंटला दिवाळीच्या ऑर्डरी नव्या अ‍ॅपवर घेता येतात. आठपैकी सहा लाइनवर रेंज असेल तर सहा सेल्समन लगेच कामाला लागतात. उरलेले दोघं आणखी दीड-दोन महिने वहीत लिहून संध्याकाळी टाकतील, जसं आज चाललंच आहे. किती लाइनवर खरंच अडचण आहे, हे पत्र लिहिण्याआधी सेल्समनना विचारा. शेठजींना डेमोत देवलापार आठवलं म्हणून आठही लाइनी तशाच असतात असं नाही.

ब मध्ये एक धोका आहे. "दिवाळीनंतर" म्हटलेलं काम कधी कधी येतच नाही. आपल्या कंपनीला ते काम हवं असेल तर मोह होतो अ कडे वळवायचा. वळवू नका. सीझनमध्ये बंद असलेलं अ‍ॅप क्लायंटच्या लक्षात राहतं, पत्रातला पर्याय नाही.

बिल छापायचं का वगळलं? क्लायंटला तर तेच हवं असेल.

हवंच असतं, आणि न लिहिल्यास तो ते धरूनच चालतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला सलग क्रमांक लागतो, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. वेगवेगळ्या मालिका ठेवता येतात, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र मालिका नियमात बसते. पण १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकासाठी ई-इनव्हॉइस काढावं लागतं, आणि त्याचा वेगळा क्रमांक सरकारी पोर्टलवरून येतो. रेंज नसेल तर पोर्टल नाही. होलसेलवाल्याची उलाढाल ५ कोटींच्या पुढे असणं काही विशेष नाही. तेव्हा "रेंज नसताना बिल" हे दिवस वाढवून होणारं काम नाही. क्लायंटच्या सीएशी बोलून मगच या विषयाला हात घाला.

क्लायंट म्हणतो, "हे तर आधीच ठरलं होतं." मग?

भांडण्याआधी स्वतःचं कोटेशन उघडा. त्यात "सेल्समन कुठूनही ऑर्डर घेऊ शकेल" असं चकचकीत वाक्य कोणी टाकलं असेल, तर क्लायंटचा दावा कमजोर नाही. देवलापार हे "कुठूनही"मध्ये येतं. अशा वेळी पूर्ण रकमेचं पत्र पाठवू नये. फोनमध्ये ऑर्डर साठवून नंतर पाठवण्याचा साधा भाग आपण उचलायचा आणि स्टॉकची भांडणं सोडवणारी स्क्रीन वाढीव धरायची, अशी विभागणी मी करीन.

कामाची यादी स्पष्ट असेल, उदाहरणार्थ "अ‍ॅपला इंटरनेट लागेल" ही ओळ असेल, तर पत्रात त्या कलमाचा क्रमांक द्या. टोमणा नको. क्रमांक पुरतो. आणि पुढच्या कोटेशनपासून "कुठूनही", "सर्व प्रकारचे रिपोर्ट", "इत्यादी" हे शब्द काढून टाका. "इत्यादी"ने जेवढे पैसे बुडवलेत तेवढे कोणत्याही बगने बुडवले नसतील.

थोडंफार फुकट करून दिलं तर चालतं का?

चालतं, पण लिहून. अर्ध्या दिवसाच्या आतलं काम, एखाद्या कॉलमचं नाव, रंग, रिपोर्टचा क्रम, आम्ही असंच करून देतो. दोन दिवसांच्या कामासाठी अदलाबदल बरी, नमुन्यातल्या एसएमएससारखी. अदलाबदल फक्त सुरू न झालेल्या कामाशी होते. अर्ध झालेलं काम वगळून काहीच वाचत नाही.

फुकट केलेलं कामही चेंज रिक्वेस्टच्या यादीत घ्या आणि रकमेच्या जागी शून्य लिहा. अशा पाच-सहा ओळी साठल्या की तारीख दोन-तीन दिवस का सरकली हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके करा" आलं. होकार झाला का?

कायद्याने पाहिलं तर करारात दोघांच्या संमतीने बदल करता येतो (भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ६२), आणि संमती इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणावरून करार बाद होत नाही (माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, कलम १०अ). अडचण कायद्याची कमी, मजकुराची जास्त. "ओके करा" म्हणजे कोणता पर्याय ओके? आणि म्हणालं कोण? तीन भावांच्या धंद्यात धाकट्याने ओके म्हटलं आणि चेक मोठ्याच्या सहीने निघत असेल तर तो ओके बिलाच्या वेळी हवेत विरतो.

म्हणून त्याच मेसेजला उत्तर द्या: "पर्याय ब, १,२४,००० अधिक जीएसटी, तारीख १७ नोव्हेंबर, असं धरून पुढे जातो. कृपया होय लिहा." मूळ वर्क ऑर्डरवर ज्याची सही आहे, त्याचंच होय हवं. मूळ करारात "बदल फक्त लेखी आणि सहीनेच" असं कलम असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर थांबू नका, कागदावर सही घ्या.

वाढीव कामाचे पैसे कधी मागायचे, आणि मूळ हप्त्यांचं काय?

वाढीव रकमेचे निम्मे होकारासोबत, निम्मे ती सोय चालू झाल्यावर. यात वाद होत नाहीत.

वाद होतात मूळ हप्त्यात, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा मूळ रकमेचा शेवटचा ३० टक्के हप्ता, म्हणजे १,४४,००० रुपये, अ‍ॅप चालू झाल्यावर मिळायचा आहे. क्लायंटने पर्याय अ घेतला की अ‍ॅप चालू व्हायची तारीख महिन्याने पुढे जाते आणि आपलं पूर्ण झालेल्या कामाचं बिलही तिच्यासोबत जातं. दोघांचे पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. तेव्हा पर्याय अ सोबत एक ओळ जोडा: मूळ यादीचं काम २६ सप्टेंबरला तपासून दिल्यावर शेवटच्या हप्त्यातले निम्मे, ७२,००० रुपये, देय होतील. ही ओळ नंतर घालता येत नाही.

पत्राला उत्तरच आलं नाही तर?

मूळ यादीचं काम चालू ठेवा आणि नव्या मागणीला हात लावू नका. २० तारीख उलटली की दोन ओळींचा निरोप पाठवा: "मुदत संपल्यामुळे सध्या पर्याय क धरून, म्हणजे मूळ यादी आणि २६ सप्टेंबर ही तारीख धरून काम चालू आहे. ही सोय हवी असल्यास नव्या तारखा कळवू." मौन म्हणजे होकार असं धरून काम करणाऱ्यांची बिलं अडकतात, आणि मौन म्हणजे नकार असं धरून गप्प बसणाऱ्यांना चालू करायच्या दिवशी "रेंजचं काय झालं?" हा प्रश्न ऐकावा लागतो. दर आठवड्याच्या स्टेटस मेलमध्येही "चेंज रिक्वेस्ट क्र. १: निर्णय बाकी" ही ओळ तशीच ठेवा, निर्णय येईपर्यंत किंवा मागणी मागे घेतल्याचं कळेपर्यंत.